मंजुरीशिवाय काम सुरू होणार नाही

गेली नऊ वर्षं मी बेंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत हेल्पडेस्कवर बसते. कुणाचा लॅपटॉप बिघडला, कुणाला नवं सॉफ्टवेअर हवं, कुणाचा पासवर्ड अडकला, की त्यानं आमच्याकडे विनंती टाकायची. त्या विनंतीला तिकीट म्हणतात. तिकिटाला पंधरा मिनिटांत पहिलं उत्तर गेलं पाहिजे, नाहीतर आमच्या नावापुढे लाल खूण पडते. त्यामुळे उत्तरं आधीच लिहून ठेवलेली असतात. कळ दाबली की उत्तर जातं. त्यातलं सगळ्यात जास्त दाबलं जाणारं उत्तर इंग्रजीत आहे, पण मराठीत सांगायचं तर एवढंच: तुमच्या विनंतीला तुमच्या मॅनेजरची मंजुरी लागेल, ती मिळेपर्यंत काम सुरू करता येणार नाही, सहकार्याबद्दल आभार.

सहकार्याबद्दल आभार! समोरच्यानं काय सहकार्य केलेलं असतं? काही नाही. त्यानं फक्त मागितलेलं असतं.

आता, नियमाची बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसतीच तणतणते. नियम मूर्ख माणसानं केलेला नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या एका मुलीनं मागे एकदा फोनवरच्या शब्दावर एकाला पगाराच्या फायली उघडून दिल्या. त्याच्या साहेबानं हो म्हटलंय म्हणाला, हिनं विश्वास ठेवला. साहेबाला पत्ताच नव्हता. ऑडिटवाले आले, दोन दिवस चौकशी चालली आणि तिसऱ्या दिवशी ती मुलगी आपला डबा, पाण्याची बाटली आणि टेबलावरचं मनीप्लँट घेऊन गेली. तेव्हापासून तोंडी हो, चॅटवरचा अंगठा, मेलमधलं 'ओके', ह्यातलं काही आम्ही मंजुरी धरत नाही. मंजुरी म्हणजे मॅनेजरनं सिस्टिममध्ये मंजुरीचं बटण दाबलं पाहिजे. मीही हे तावातावानं लोकांना ऐकवलेलं आहे. अकड होती मला त्याची.

तर त्या मुलाचं पहिलं तिकीट आलं ते एका सोमवारी सकाळी. प्रकार: यादीबाहेरचं सॉफ्टवेअर. मी कळ दाबली. चार मिनिटांत उत्तर गेलं. हिरवी खूण. मी पुढच्या तिकिटाला लागले.

सात कामाच्या दिवसांत मंजुरी आली नाही तर सिस्टिम तिकीट आपोआप रद्द करते. तसं ते झालं. त्यानं दुसरं तिकीट टाकलं. मी परत तीच कळ दाबली. तेही सात दिवसांनी रद्द झालं. ह्यातलं मला त्या वेळी काहीच माहीत नव्हतं, कारण रद्द झालेल्या तिकिटांची यादी आम्हाला कुणी दाखवत नाही आणि आम्ही मागत नाही. दिवसाला पन्नास-साठ तिकिटं येतात. कोण बघतंय मागे वळून.

तिसरा आठवडा संपून सोमवार उजाडला आणि तो स्वतःच खाली आला. आमचं काउंटर तळमजल्यावर आहे, लिफ्टच्या समोर. एक सव्वीस-सत्तावीसचा पोरगा, इस्त्रीचा निळा शर्ट, हातात घडीची पांढरी काठी. काचेला बोटं लावून त्यानं काउंटरची कड शोधली आणि इंग्रजीत विचारलं, "सारखं एकच उत्तर लिहिणाऱ्या मॅडम इथंच बसतात काय?"

माझ्या शेजारचे दोघं खुदकन हसले. मला राग आला. म्हटलं, "मीच ती. काय हवंय?"

तो एकदम मराठीत आला. "तुमच्या आडनावावरून वाटलंच मला. मी खानापूरकडचा. तुम्ही कुठल्या?"

"निपाणी."

"मग बरं झालं अक्का. आता मला आपल्या भाषेत सांगा, माझी चूक काय झालीय."

त्याला दिसत नाही. जन्मापासून नाही, आठव्या वर्षापासून. कंपनीत तो एका परदेशी विमा कंपनीच्या ग्राहकांची तक्रारपत्रं वाचतो आणि कुठलं पत्र कुणाकडे जायचं ते ठरवतो. वाचतो म्हणजे कानानं वाचतो. पडद्यावरचं बोलून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं, ते इतक्या भरभर बोलतं की तुम्हा-आम्हाला नुसती गुणगुण ऐकू येईल, आणि तो त्यातून रोजची सत्तर पत्रं निकालात काढायचा. कंपनीचे लॅपटॉप तीन वर्षांनी बदलतात. त्याच्या वाट्याला आलेला लॅपटॉप जुना होता, त्याची मुदत संपली. आमच्याच माणसांनी वर जाऊन जुना उचलला, नवा ठेवला, सही घेतली. नव्यात ते बोलणारं सॉफ्टवेअर नव्हतं. ते 'यादीबाहेरचं' आहे ना!

"विंडोजमध्येच एक बोलणारा असतो की," मी म्हटलं. अकलेचे तारे तोडले.

"असतो. त्याच्यावरच मी तुम्हाला तिकिटं टाकली आणि तुमची उत्तरं ऐकली. मेल वाचतो तो. पण त्या विमा कंपनीचं जे जुनं सॉफ्टवेअर आहे, ज्यात माझं सगळं काम आहे, तिथं तो नुसता 'बटण, बटण, बटण' म्हणतो. कसलं बटण, ते सांगत नाही. माझ्या जुन्या सॉफ्टवेअरला ते सगळं शिकवून ठेवलेलं होतं." मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "शेजारचा मित्र स्वतःचं काम संपवून थोडं वाचून दाखवतो. त्यात दहा-बारा पत्रं होतात. सत्तरच्या जागी. आणि माझं प्रोबेशन संपतंय अक्का. ह्याच शुक्रवारी रिव्ह्यू. कायम करायचं की घरी पाठवायचं, ते त्यात ठरणार."

मी म्हटलं, "अरे पण मॅनेजरला सांगितलंस की नाही?"

"रोज सांगतो. रोज 'माडोण, माडोण' म्हणतात. करूया, करूया. चॅटवर अंगठा पण दिलाय त्यांनी." आणि हसला. "तुमचं उत्तर मला पाठ झालंय. म्हणून दाखवू?"

त्यानं म्हणून दाखवलं. शेवटच्या आभारांसकट. शेजारचे दोघं आता हसत नव्हते.

खरं सांगते, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चष्मा लावून ऑफिसात यायला कुणाला मॅनेजरची मंजुरी लागते का? माझ्या टेबलावर माझा चष्मा पडलेला असतो, तो उचलून डोळ्यांवर ठेवायला मी कुणाकडे अर्ज करते? आणि ह्या पोराचे डोळे आम्हीच उचलून नेले, सही घेऊन, आणि परत द्यायला त्यालाच विनंती टाकायला लावली. एकदा नाही, दोनदा. आणि दोन्हीदा मी वर आभार मानले.

त्याला म्हटलं, "इथंच बसून तिसरं तिकीट टाक." त्यानं माझ्याच मशीनवर टाकलं, मी बाजूला उभी राहून त्याला पडद्यावरचं वाचून दाखवलं. मग त्याच्या मॅनेजरला फोन लावला. त्यानं पहिल्याच वाक्याला सांगितलं की त्यानं केव्हाच हो म्हटलंय, उशीर आयटीचा आहे. वा रे वा! मी म्हटलं, "सर, मी वर येते."

चौथ्या मजल्यावर त्याची केबिन आहे, खिडकीतून उड्डाणपूल दिसतो. माणूस पन्नाशीचा, बेंगळूरचाच, अदबीचा. मला बसायला खुर्ची दिली, कॉफी विचारली. असल्या माणसावर नीट चिडताही येत नाही. मी म्हटलं, "सर, मंजुरीचा मेल तुम्हाला तीनदा गेलाय. आत्ता तिसरा गेला, दहा मिनिटांपूर्वी. त्यातलं बटण दाबायचंय, एवढंच."

"असा मेल मला एकही आलेला नाही."

"दाखवा."

त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. इनबॉक्समध्ये खरंच नव्हता. मी म्हटलं, डिलीट केलेल्यांत बघा. तिथं होता. तिन्ही होते. आणि तिन्हींवर शिक्का: फसवा मेल म्हणून कळवला.

"हे काय?" मी विचारलं.

आणि तो माणूस, देवाशपथ सांगते, अभिमानानं हसला. त्याचं असं झालं होतं. आमच्या कंपनीत सुरक्षावाले अधूनमधून मुद्दाम खोटे मेल पाठवतात, लोक फसतात का बघायला. कुरियर आलंय, इथं दाबा. बोनस लागलाय, तिथं दाबा. दाबलंत की फसलात, मग तीन तासांचं प्रशिक्षण आणि शेवटी परीक्षा. हा बिचारा त्यात सापडला होता. त्याच्या हाताखालच्या पोरांनी आठवडाभर त्याची टर उडवली. तेव्हापासून त्यानं शपथच घेतली होती की मेलमधल्या कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. आणि दोन महिन्यांपूर्वी आमची तिकिटांची सिस्टिम बदलली. नवी सिस्टिम बाहेरच्या कंपनीची, त्यामुळे तिच्या प्रत्येक मेलवर पिवळी पट्टी येते: हा मेल बाहेरून आलेला आहे, सावध राहा. आम्ही सगळ्यांना कळवलं होतं की हे मेल खरे आहेत. ते कळवणं कुणी वाचलं? कुणी नाही. ह्यानं पिवळी पट्टी पाहिली, खाली बटण पाहिलं, आणि मेल फसवा म्हणून कळवून टाकला. दर वेळी सुरक्षावाल्यांकडून त्याला उत्तर यायचं: शाब्बास, तुम्ही सावध आहात.

"मला वाटलं, माझी परीक्षा घेतायत," तो म्हणाला.

"सर, त्यात त्या मुलाचं नाव लिहिलेलं आहे. सॉफ्टवेअरचं नाव आहे. तो रोज तुमच्या दारात येऊन तेच नाव सांगतोय."

"ते लोक फार हुशार असतात मॅडम. खरी नावं घालतात."

काय बोलायचं ह्याच्यापुढे! एका माणसाला फसू नका, फसू नका म्हणून इतकं घाबरवलं, की समोर उभ्या असलेल्या माणसावरही त्याचा विश्वास उरला नाही. मी म्हटलं, "मेल सोडा. ब्राउझर उघडा, पत्ता तुमच्या हातानं टाईप करा, आत शिरा, डावीकडे 'माझ्या मंजुऱ्या' आहे, ते उघडा." त्यानं एका बोटानं टाईप केलं. उघडलं. यादी खाली, खाली, खाली जात राहिली. दोन महिन्यांतलं सगळं तिथं पडलेलं होतं. कुणाचा माउस, कुणाचं घरून काम, कुणाची गावाकडची रजा. त्याचा चेहरा उतरला. ती रजा बहुतेक त्या माणसानं मंजुरीविना घेऊन टाकली असणार.

"आधी हे एक करा," मी म्हटलं. त्यानं बटण दाबलं.

मी खाली धावले नाही, जिन्यानं चालतच गेले, पण त्याच्या मित्रानं काउंटरवर आणून दिलेला नवा लॅपटॉप बसल्या बसल्या जोडला, लायसन्स जुन्या लॅपटॉपवरून सोडवून नव्यावर लावलं, त्याची जुनी सेटिंग बॅकअपमधून काढून दिली. अकरा मिनिटं लागली. त्याच्या हेडफोनमधून ती गुणगुण सुरू झाली तशी त्याची मान हलकेच डावीकडे झुकली आणि बोटं पळायला लागली. माझ्याकडे लक्षही राहिलं नाही. मला बरं वाटलं. वाटलं, चला, आयितु, झालं एकदाचं.

कसलं आयितु.

शुक्रवारच्या आदल्या दिवशी मला मनुष्यबळ विभागाच्या बाईंचा मेल आला. त्या मुलाच्या मॅनेजरनं रिव्ह्यूत लिहिलं होतं की शेवटच्या महिन्यात काम ठरलेल्याच्या पाचव्या हिश्शावर आलं, कायम करण्याची शिफारस नाही. मुलानं सांगितलं होतं की तीन आठवडे त्याच्याकडे साधनच नव्हतं. मॅनेजर म्हणे, मी तर पहिल्याच दिवशी हो म्हटलं होतं. तेव्हा बाईंनी आमच्या विभागाकडून रिपोर्ट मागवला. रिपोर्टमध्ये त्या सॉफ्टवेअरचं एकच तिकीट होतं, आणि त्यापुढे लिहिलं होतं: पूर्ण व्हायला लागलेला वेळ, अकरा मिनिटं. बाईंनी मला सरळ विचारलं होतं, हे बरोबर आहे का, कृपया हो किंवा नाही कळवा.

मी तो मेल तीनदा वाचला. आणि खोटं कुठंच नव्हतं, हेच जास्त झोंबलं. रद्द झालेली तिकिटं रिपोर्टमध्ये धरतच नाहीत, कारण ते काम झालेलं नसतं. आणि मंजुरीची वाट बघत असताना आमचं घड्याळ थांबवलेलं असतं, कारण तो उशीर आमचा नसतो. म्हणजे तो पोरगा तीन आठवडे 'बटण, बटण, बटण' ऐकत बसला, आणि आमच्या दप्तरी ते तीन आठवडे उगवलेच नाहीत. चौथ्या सोमवारी सकाळी त्यानं मागितलं आणि अकरा मिनिटांत आम्ही दिलं. किती छान सेवा! त्या महिन्याच्या आमच्या चांगल्या कामांच्या यादीत ते तिकीट लागलं होतं, माझ्या नावासकट.

आमच्या शिफ्ट लीडला दाखवलं. तो चेन्नईचा, शहाणा, कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. म्हणाला, "बरोबर आहे ना अकरा मिनिटं? मग 'हो' लिही. विचारलं तेवढंच सांगावं. बाकीचं त्यांच्या विभागातलं भांडण आहे."

"आणि त्या मुलाची नोकरी?"

"ते आपल्या हातात नाही. जास्तीचं काही बाहेर पाठवायचं असेल तर आधी मला दाखव, मी वरून मंजुरी घेतो. सोमवारपर्यंत मिळेल."

रिव्ह्यू शुक्रवारी. मंजुरी सोमवारी. माझं डोकंच फिरलं. मी "सरी," म्हणजे बरं, असं म्हटलं आणि जागेवर येऊन बसले, आणि कोणाचीही मंजुरी न घेता रद्द झालेली दोन्ही तिकिटं उकरून काढली.

पहिलं उघडलं. तारीख लिहून घेतली, वेळ लिहून घेतली, माझं उत्तर किती वाजता गेलं ते लिहून घेतलं. मग खाली गेले, जिथं विनंती करणाऱ्यानं आपलं म्हणणं लिहिलेलं असतं. तिथं त्यानं आठ-दहा ओळी लिहिल्या होत्या. मला दिसत नाही. नव्या लॅपटॉपवर माझं वाचनाचं सॉफ्टवेअर नाही. त्याशिवाय मला काम करता येत नाही. माझा प्रोबेशनचा रिव्ह्यू पुढच्या महिन्यात आहे. मंजुरी लागणार असेल तर कृपया कुणीतरी माझ्या मॅनेजरशी स्वतः बोलावं, ते मेलमधली बटणं दाबत नाहीत.

ते मेलमधली बटणं दाबत नाहीत. लिहिलं होतं त्यानं. पहिल्याच दिवशी, सरळ इंग्रजीत, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी. मी पाणी प्यायले. मग कॅन्टीनपर्यंत जाऊन कॉफी न घेताच परत आले.

बाईंना मी जे उत्तर लिहिलं ते तयार उत्तरांच्या यादीतलं नव्हतं. लिहिलं की अकरा मिनिटं बरोबर आहेत आणि तुमचा समज चुकीचा आहे. तिन्ही तिकिटांच्या तारखा दिल्या. आमचं घड्याळ कधी थांबतं ते समजावलं. मंजुरीचे तिन्ही मेल फसवे ठरवून कळवले गेले, त्याची नोंद सुरक्षावाल्यांकडे आहे, ती बघा म्हटलं. आणि पहिल्या तिकिटातला त्याचा मजकूर जसाच्या तसा जोडला. मॅनेजर, शिफ्ट लीड, तो मुलगा, सगळ्यांना त्यात घेतलं. पाठवायच्या आधी सगळं पुन्हा एकदा वाचलं, खोटं कशाला बोलू. मनीप्लँटची आठवण आली. पाठवलं.

दहा मिनिटांत शिफ्ट लीड माझ्या मागे येऊन उभा राहिला. "काय केलंस तू हे?"

"विचारलं होतं, उत्तर दिलं."

"मी काय सांगितलं होतं?"

"सोमवार सांगितलं होतंत."

संध्याकाळी मला लेखी समज आली, ती माझ्या फाइलला अजून आहे. असू दे. तिला मी घाबरत नाही आता.

शुक्रवारी दुपारी मला मीटिंगला बोलावलं. काचेची छोटी खोली, बाई, मॅनेजर, तो मुलगा आणि मी. मॅनेजरनं सुरुवातीलाच सांगितलं की त्याच्या मनात त्या मुलाबद्दल काहीही वाईट नाही, पण त्याच्यापुढे आकडे आहेत, आणि आकड्यांपुढे तो तरी काय करणार.

मी म्हटलं, "सर, आधीचे पाच महिने काय आकडे होते?"

बाईंनी पान उलटलं. सत्तर. बहात्तर. अडुसष्ट. पुढेही तसेच. "आणि ह्या सोमवारनंतर?" मी विचारलं. ते त्यांच्याकडे नव्हतं. मुलानं सांगितलं, "काल पंच्याऐंशी केली. तुंबलेली होती."

मॅनेजर टेबलाकडे बघत बसला. मग म्हणाला, "मी हो म्हटलं होतं मॅडम. पहिल्या दिवशीच. अंगठा आहे माझा चॅटवर." माझा त्याच्यावरचा राग त्या क्षणाला जरा ओसरला आणि लगेच दुप्पट झाला, कारण त्याला खरंच वाटत होतं की त्यानं आपलं काम केलेलं आहे. तीन आठवडे एक माणूस रोज त्याच्या दारात उभा राहिला, आणि एकदाही खुर्चीवरून उठून त्याच्या टेबलापाशी जाऊन, बाबा, तुझं काय अडलंय, असं बघावंसं त्याला वाटलं नाही. मी हे सगळं त्याला तोंडावर सांगितलं. कन्नडमध्ये सांगितलं, म्हणजे नीट पोचेल. बाईंनी मला दोनदा थांबवलं, मी थांबले नाही.

बाईंनी शेवटी ते तीन आठवडे हिशेबातून काढायला लावले. मॅनेजरनं तिथंच बसून शिफारस बदलली, आणि ह्या वेळी आपल्या हातानं पत्ता टाईप करून, आत जाऊन, बटण दाबलं. मुलगा कायम झाला. बाईंनी त्याचं अभिनंदन केलं, मॅनेजरनं त्याचा हात हातात घेतला. मुलगा सगळ्यांना थँक्यू म्हणाला.

आम्ही दोघं बाहेर आलो. त्याला लिफ्टपर्यंत जायचं होतं, मी त्याच्या बाजूनं चालले. मला फार हलकं वाटत होतं. मी त्याच्या मॅनेजरला आणखी चार शिव्या हासडल्या, आमच्या सिस्टिमला घातल्या, रिपोर्ट करणाऱ्यांना घातल्या. तो ऐकत होता. काठीचा ठक-ठक आवाज येत होता.

लिफ्टपाशी तो थांबला. म्हणाला, "अक्का, राग नाही येणार ना? एक विचारू?"

"विचार की."

"ते जे तुम्ही काल सगळ्यांना पाठवलंत, माझं पहिलं तिकीट. ते ऐकलं मी परत. त्यात मी सगळं लिहिलं होतं. सरांशी बोला म्हणून पण लिहिलं होतं." त्याचा आवाज अगदी साधा होता, भांडणाचा नव्हता. "तुम्ही त्या दिवशी वर गेला असता, तर हे सगळं एका दिवसात झालं असतं. मग तेव्हा का नाही गेलात?"

मला नियम सांगता आला असता. पंधरा मिनिटांचं, लाल खुणेचं, पन्नास-साठ तिकिटांचं सांगता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं.

"वाचलंच नव्हतं रे मी," मी म्हटलं. "नुसता वरचा प्रकार बघितला आणि कळ दाबली."

लिफ्ट आली, दार उघडलं, आतल्या माणसानं बटण धरून ठेवलं.

"आणि दुसऱ्या वेळी?"

"दुसऱ्या वेळी पण नाही."

त्यानं मान हलवली आणि काठीनं उंबरा चाचपून तो आत गेला.